संवादातला अर्थ: स्लाइड्सवरच्या चाचण्या मराठी वाक्यांना कशा लावायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भाषाविज्ञानाच्या वर्गातल्या स्लाइड्स बहुतेक इंग्रजीत असतात आणि त्यांवरची वाक्यंही तिकडचीच. पुण्यातली मुलं ती पाठ करतात, मग घरी येऊन मराठी वाक्य घेतात, चाचणी लावतात आणि उत्तर भलतंच येतं. खालचे बरेचसे प्रश्न तिथून आलेले आहेत. प्रिसपोझिशनला इथे पूर्वगृहीत म्हटलं आहे, इम्प्लिकेचरला सूचितार्थ आणि स्पीच ॲक्टला वाक्कृती. वर्गात इंग्रजी नावं वापरलीत तरी बिघडत नाही.

तिन्हींतला फरक एकाच संवादात दाखवाल का?

सिंहगड रोडवरची एक सोसायटी. सकाळची वेळ. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सेक्रेटरी भेटतात.

काकू: आजपण टँकर आला नाही का?
सेक्रेटरी: मी दोनदा फोन केलाय हो.

काकूंच्या वाक्यातला 'पण' आधी बघा. टँकर याआधीही एखाद्या दिवशी आला नव्हता, हे त्यांनी सांगितलेलं नाही, विचारलेलंही नाही. ते दोघांनाही माहीत आहे असं धरून त्या पुढे बोलल्या. हे पूर्वगृहीत. सेक्रेटरींना ते पटत नसेल तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागणार नाही. त्यांना मूळ प्रश्न बाजूला ठेवून म्हणावं लागेल, "थांबा, थांबा, काल आला होता की!" हे 'थांबा, थांबा' लक्षात ठेवा, पूर्वगृहीत ओळखायला ते फार कामी येतं. सांगितलेली गोष्ट खोडायला 'छे, नाही' पुरतं. धरून चाललेली गोष्ट खोडायची तर समोरच्याला आधी थांबवावं लागतं.

आता सेक्रेटरींचं उत्तर. टँकर आला की नाही याबद्दल त्यात अक्षर नाही, तरी काकूंना दोन गोष्टी कळतात: टँकर आलेला नाही, आणि त्यात माझा दोष नाही असं सेक्रेटरींचं म्हणणं आहे. हा सूचितार्थ. तो मागे घेता येतो. "मी दोनदा फोन केलाय हो, आत्ताच आला, टाकी भरतोय" असं ते म्हणाले असते तर आपलंच बोलणं खोडलं असं कोणी म्हटलं नसतं.

आणि काकूंनी केलं काय? वाक्य प्रश्नाचं आहे, पण काम तक्रारीचं आहे. पुरावा उत्तरातच आहे. सेक्रेटरींनी माहिती न देता बाजू मांडली, आणि काकूंनाही ते विचित्र वाटलं नाही. वाक्यातून जे काम उरकलं जातं ती वाक्कृती.

नकाराची चाचणी नेमकी कशी करायची?

एक साधं वाक्य घ्या: "आजोबांनी तपकीर सोडली." यातून दोन गोष्टी निघतात. आजोबा आधी तपकीर ओढायचे, आणि आता ओढत नाहीत. आता वाक्य तीन प्रकारे फिरवा: "आजोबांनी तपकीर सोडली नाही." "आजोबांनी तपकीर सोडली का?" "आजोबांनी तपकीर सोडली असेल तर बरंच झालं." 'आता ओढत नाहीत' हे तिन्हींत टिकत नाही. 'आधी ओढायचे' हे मात्र तिन्हींत तसंच राहतं. जे टिकलं ते पूर्वगृहीत, जे गेलं ते वाक्याचं प्रत्यक्ष विधान.

तीनही रूपं करून बघा, एकट्या नकारावर विसंबू नका. मराठीत नकार दगा देतो, आणि तो कसा ते पुढच्या उत्तरात आहे.

'पण', 'ही', 'सुद्धा' असलेल्या वाक्यात चाचणी उलटी का पडते?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्त आहे.

"सुनीतापण आली." पूर्वगृहीत: सुनीताखेरीज आणखी कोणीतरी आलं. आता नकार लावा: "सुनीतापण आली नाही." पूर्वगृहीत काय झालं? सुनीताखेरीज आणखी कोणीतरी आलं *नाही*! म्हणजे पूर्वगृहीत टिकलं नाहीच, उलट फिरलं. मुलं इथे दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: 'पण' पूर्वगृहीत आणत नाही, किंवा चाचणीच चुकीची आहे. दोन्ही बरोबर नाहीत.

गडबड अशी की चाचणीत नकार संपूर्ण वाक्यावर बसायला हवा, वाक्यातल्या सगळ्यांवर, 'पण'वरसुद्धा. मराठीत आपण 'नाही' क्रियापदाला जोडतो. मग आधी 'आली नाही' तयार होतं आणि 'पण' त्याच्यावर चढतो. तुम्ही मूळ वाक्य नाकारलंच नाही. 'आली नाही' या वेगळ्या गोष्टीला 'पण' लावलात. 'पण'चं काम दोन्हीकडे एकच आहे: जे सुनीताबद्दल म्हटलं तेच आणखी कोणाबद्दल तरी खरं आहे, असं तो धरून चालतो. पहिल्यात 'आली' म्हटलं, दुसऱ्यात 'आली नाही'.

उपाय सोपा. प्रश्न करा: "सुनीतापण आली का?" आणखी कोणीतरी आलंय, हे टिकलं. 'तर' लावा: "सुनीतापण आली असेल तर खुर्च्या कमी पडतील." इथेही टिकलं. नकारच हवा असेल तर "सुनीतापण आली असं काही नाही" अशी बाहेरून वेढणारी रचना घ्या. जरा अवघडल्यासारखी वाटते, पण काम करते.

वरच्या टँकरच्या वाक्यात हीच गंमत होती. "आजपण टँकर आला नाही का?" यात आधीही न आल्याचं धरलेलं आहे. त्यातला 'नाही' काढून "आजपण टँकर आला का?" म्हटलंत, तर आधी तो आला होता असं धरलं जातं. एक 'नाही' निघाला आणि सोसायटीचा पाणीपुरवठा सुरळीत झाला.

सगळे शब्द असे वागत नाहीत. "लिफ्ट परत बंद पडली" आणि "लिफ्ट परत बंद पडली नाही" या दोन्हींत लिफ्ट आधी एकदा बंद पडलेली आहे, म्हणजे 'परत'ला साधा नकार चालतो. 'च'च्या वाक्यात 'नाही'ची जागा बघावी लागते. "काच बंट्यानेच फोडली" यात काच कोणीतरी फोडली हे गृहीत आहे. "काच बंट्याने नाही फोडली" यातही ते शाबूत आहे, फक्त नाव दुसऱ्या कोणावर तरी जातं. पण सपाट सुरात "बंट्याने काच फोडली नाही" म्हटलं, तर काच धड असण्याचीही शक्यता उरते. चाचणी लावताना 'नाही' ज्याच्यावर रोख आहे त्याच्या शेजारी ठेवा, आणि वाक्य मोठ्याने म्हणून बघा.

"मी सिगारेट सोडली नाही, मी कधी ओढतच नव्हतो!" इथे पूर्वगृहीत पुसलं गेलं ना? मग ते सूचितार्थासारखंच झालं.

नकाराच्या वाक्यात पुसता येतं, हे खरं. पण मूळ होकारी वाक्यात करून बघा: "मी सिगारेट सोडली, मी कधी ओढतच नव्हतो." हे जमत नाही, ऐकणारा तुमच्या तोंडाकडे बघत राहील. सूचितार्थ होकारी वाक्यातूनही बिनदिक्कत मागे घेता येतो. फरक तिथे आहे.

शिवाय "सोडली नाही, ओढतच नव्हतो" हा साधा नकार नाही. समोरच्याने 'सोडलीस का?' म्हणून जो शब्द पुढे केला, त्या शब्दालाच हा आक्षेप आहे. म्हणून असं वाक्य संवादात सहसा पहिलं येत नाही, कोणाच्या तरी बोलण्याला उत्तर म्हणून येतं.

'तर'च्या वाक्यातही एक खाच आहे. "त्याला भाऊ असेल तर त्याचा भाऊ पुण्यातच असणार." 'त्याचा भाऊ' या शब्दांमुळे एरवी भाऊ आहे असं धरलं जातं, पण इथे पहिल्या भागानेच ती गोष्ट अटीत घातली, म्हणून पूर्ण वाक्य भावाची खात्री देत नाही. लॉरी कार्टुनेन यांनी 1973 मध्ये अशा शब्दांची वर्गवारी केली: काही रचना पूर्वगृहीत आरपार जाऊ देतात, काही अडवतात, काही गाळून घेतात. 'तर' गाळणाऱ्यांतला.

फ्रान्सच्या टकल्या राजाचं काय?

फ्रान्सला आज राजा नाही. मग "फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे" हे वाक्य खरं की खोटं? रसेल यांनी 1905 मध्ये म्हटलं, खोटं. कारण वाक्यातच 'असा एक राजा आहे' हे विधान दडलेलं आहे. स्ट्रॉसन यांनी 1950 मध्ये म्हटलं, खरं-खोटं ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; राजा असल्याचं बोलणारा सांगत नाही, धरून चालतो. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

समोरच्याला माहीतच नसलेली गोष्ट धरून बोललो तर?

बहुतेक वेळा काही होत नाही. ऑफिसात नवा आलेला सहकारी म्हणतो, "आज जरा लवकर निघतो, मुलीला पाळणाघरातून आणायचंय." त्याला मुलगी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी 'थांब, थांब, तुला मुलगी आहे?' असं कोणी अडवत नाही. सगळे मनातल्या मनात नोंद करतात आणि संवाद पुढे जातो. डेव्हिड लुइस यांनी 1979 मध्ये या गुपचूप सामावून घेण्याला नाव दिलं, अकोमोडेशन.

त्याला मर्यादा आहे. तोच म्हणाला, "लवकर निघतो, हत्तीला आंघोळ घालायचीय," तर सगळं ऑफिस थांबेल. जी गोष्ट सहज खपण्यासारखी आणि वादाची नाही, तीच अशी आत सरकवता येते. उलटतपासणीत वकील आणि घरात नातेवाईक याचा पुरेपूर फायदा घेतात. "मग लग्नाचं कधी ठरवतेयस?" यात ठरवायचं की नाही हा प्रश्न कधीच मागे पडलेला असतो.

सूचितार्थ 'हिशोबाने काढता येतो' म्हणजे काय? पायऱ्या दाखवा.

सुट्टीचा दिवस. मुलाने पहिल्यांदाच सगळा स्वयंपाक केलाय.

मुलगा: आई, भाजी कशी झालीय?
आई: पोळ्या छान झाल्यात हं.

मुलाचा चेहरा पडतो. का? प्रश्न भाजीचा होता, उत्तर पोळ्यांचं आलं. वरवर बघता आईने विषय सोडला. पण ती बोलणं मोडू पाहतेय असं मानायला कारण नाही. ती जेवतेय, नीट उत्तर देतेय. भाजी तिने खाल्लीय, म्हणजे मत असणारच. भाजी चांगली असती तर तसं म्हणायला तिला काहीच अडचण नव्हती, तेच सगळ्यांत सोपं होतं. वाईट आहे हे तोंडावर म्हणणं तिला नकोय. म्हणजे भाजी काही खास झालेली नाही, आणि हे मुलाला कळेल याचा तिला अंदाज आहे.

पॉल ग्राइस यांनी 1967 मध्ये हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलं ते हेच. बोलणारे एकमेकांना साथ देत असतात, आणि ऐकणारा चार अपेक्षा ठेवून असतो: पुरेसं सांग, खरं सांग, विषयाला धरून सांग, स्पष्ट सांग. स्लाइडवर त्या आज्ञांसारख्या दिसतात म्हणून मुलं लिहितात, 'आईने नियम मोडला, म्हणून ती चुकली.' त्या आज्ञा नाहीत. आईने अपेक्षा उघडपणे मोडली म्हणूनच मुलाने अर्थ शोधला.

उत्तरपत्रिकेत 'रद्द करून' दाखवायला विसरू नका: "पोळ्या छान झाल्यात हं. भाजी अजून घेतलीच नाही मी." सूचितार्थ गेला, आईने शब्द फिरवला असंही झालं नाही.

'काही' म्हणजे 'सगळे नाहीत', हा त्या शब्दाचाच अर्थ नाही का?

तसं वाटतं खरं. "काही मुलं पास झाली" ऐकलं की काही नापास झाली असं आपण धरतो. पण "काही मुलं पास झाली, खरं तर सगळीच झाली" हे चालतं. 'सगळे नाहीत' हा शब्दाचा अर्थ असता तर चाललं नसतं. बोलणाऱ्याला 'सगळी' हा जास्त भक्कम शब्द उपलब्ध होता, तो त्याने वापरला नाही, म्हणून आपण निष्कर्ष काढला.

'तर'मध्ये घालून बघा: "काही मुलं पास झाली तर मी पेढे वाटेन." सगळी पास झाली तर सर पेढे वाटणार नाहीत का? वाटणारच. म्हणजे 'सगळे नाहीत' इथे विरून गेलं. पूर्वगृहीत 'तर'मध्ये टिकतं, हा सूचितार्थ टिकत नाही.

इथेही क्रियापदाचा नकार टाळा. "काही मुलं पास झाली नाहीत" हे मूळ वाक्याचा नकार नाही, नापास झालेल्यांबद्दलचं वेगळंच विधान आहे. मूळ वाक्याचा नकार म्हणजे "एकही मूल पास झालं नाही".

"ते सदाशिव पेठेत राहतात, पण चहा विचारतात." यातला विरोध पूर्वगृहीत की सूचितार्थ?

हा 'पण' उभयान्वयी, वरचा 'पण' नव्हे. ग्राइस यांनी याला रूढ सूचितार्थ म्हटलं: शब्दाला चिकटलेला, हिशोबाने न निघणारा, रद्द न होणारा. माणूस त्या पेठेत राहत असेल आणि चहा विचारत असेल, तर वाक्य खरंच आहे. पेठकरांना राग आला तरी.

कृतिवाक्य ओळखायला 'प्रथम पुरुष, वर्तमानकाळ' ही खूण मराठीत चालते का?

अर्धीमुर्धी. "मी वचन देतो", "मी राजीनामा देते" इथे ती चालते. बोललं की काम झालं, अशी वाक्यं म्हणजे कृतिवाक्यं. जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्डलाच व्याख्यानांत अशा वाक्यांकडे लक्ष वेधलं: ही काही वर्णन करत नाहीत, ती काम करतात.

आता मंडईत या.

गिऱ्हाईक: मेथी कशी दिली?
भाजीवाली: पंचवीसला जुडी.
गिऱ्हाईक: वीसला द्या, दोन घेते.
भाजीवाली: घ्या, दिली.

जुडी अजून पाटीतच आहे, पैसे पर्समध्ये आहेत, आणि भाजीवाली भूतकाळात बोलतेय. ही झालेल्या गोष्टीची बातमी आहे का? नाही. ते 'दिली' उच्चारल्याने सौदा झाला. आधी वीसचा भाव नव्हता, आता आहे, आणि यानंतर ती 'बावीस द्या' म्हणाली तर गिऱ्हाईक भांडू शकतं. 'ठरलं', 'मान्य केलं', 'बरं बाई, हरले मी' ही याच जातीची. मराठीत काम उरकल्याचं दाखवणारं भूतकाळी रूप काम उरकायलाही वापरतात, म्हणून नुसता काळ बघून ठरवलंत तर निम्मी कृतिवाक्यं हातची जातील. व्याकरणातली एखादी खूण शोधून ती पक्की सापडत नाही, हे ऑस्टिन यांनीही त्याच व्याख्यानांत मान्य केलं होतं.

त्याऐवजी विचारा: या वाक्याला 'खोटं बोलतेस' म्हणता येईल का? "काल तिला वीसला दिली" याला म्हणता येईल. "घ्या, दिली" याला नाही. त्याला फार तर 'तुला भाव ठरवायचा अधिकार काय?' म्हणता येईल, म्हणजे दुकान मावशीचं आणि भाची सहज बसलेली असली तर. कृतिवाक्य खोटं पडत नाही, फसतं.

पाटीवर "गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" लिहिलंय. हे विधान, धमकी की सूचना?

ऑस्टिन यांचे तीन थर वेगळे करा. उच्चारलं काय? भविष्याबद्दलचं एक सशर्त वाक्य, कर्ता गायब. त्यातून केलं काय? धमकी, आणि धमकीमार्फत मनाई. परिणाम काय झाला? तुम्ही स्कूटर पुढे नेऊन लावली, किंवा हसून तिथेच लावली. परिणाम पाटी लिहिणाऱ्याच्या हातात नसतो. धमकी मात्र तुम्ही हसलात तरी धमकीच.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रातला ध्वनिविचार आणि सूचितार्थ एकच का?

नात्यातले आहेत, एक नाहीत. महाराष्ट्री प्राकृतातली एक जुनी गाथा नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनांनी उदाहरण म्हणून घेतली. एक स्त्री फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिकाला म्हणते: आता खुशाल फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदावरीकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारलं. शब्दांत परवानगी आहे, अर्थ 'इकडे फिरकू नकोस' असा. ग्राइसच्या पायऱ्या इथे सरळ लागतात. पण ध्वनीत रसही येतो, आणि करुण किंवा शृंगार रस हा काही 'रद्द' करून बघण्याचा मजकूर नाही. उत्तरपत्रिकेत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी लिहू नका.

परीक्षेत नुसतं "हो का?" देऊन 'वाक्कृती ओळखा' म्हटलं तर?

एकट्या "हो का?" वरून ओळखता येत नाही, आणि तसं लिहायला घाबरू नका. सूर चढा असेल तर खरा प्रश्न, सपाट असेल तर अविश्वास, लांबवला तर टोमणा. कागदावर सूर दिसत नाही. उताऱ्यात पुढचं वाक्य दिलं असेल तर त्यावरून ठरवा. पुढचा "हो ना, मी स्वतः बघितलं" म्हणाला तर त्याने तो प्रश्न किंवा शंका म्हणून घेतला. "बरं, राहू दे मग" म्हणाला तर टोमणा पोचला. पुढचं वाक्यच नसेल तर दोन वाचनं लिहा आणि प्रत्येकासाठी कोणतं उत्तर शोभलं असतं ते एकेका ओळीत द्या.